साहेबांना पाठवता येईल अशी फाइल

अरे, काल तू पाठवलेली पीडीएफ उघडली आणि पहिल्याच पानाला चहाचा कप खाली ठेवला. देखणी आहे, त्यात वाद नाही. वाड्याची पायरी, पैठणीचा काठ, त्याखाली दोन पावलं आणि वर सोनेरी अक्षरांत ‘या दिवाळीत पायात थोडं कोल्हापूर!’ गेल्या दिवाळीत हेच कॅरोसेल इन्स्टाग्रामवर चांगलं फिरलं, हेही मला माहीत आहे; भिशीतल्या तिघींनी ते मलाच पाठवलं होतं. पण आता तू तीच दहा चित्रं एका पीडीएफमध्ये ओवून लिंक्डइनवर टाकायला निघाला आहेस. तुझा चपलांचा कारखानदार तिथे कशासाठी जातोय? कंपन्यांनी दिवाळीला कर्मचाऱ्यांसाठी शंभर-दोनशे जोड मागवावेत म्हणून. आणि त्या दहा पानांत दोनशे जोडांची ऑर्डर द्यायला उपयोगी पडेल अशी एकही ओळ नाही.

अप्पा बळवंत चौकातल्या माझ्या डीटीपीच्या दुकानात एका टेबलावर लग्नपत्रिका असायच्या आणि दुसऱ्यावर कंपन्यांची माहितीपत्रकं. कागद तोच, छापखाना तोच, कित्येकदा टाइपही तोच. तरी पत्रिकेचा मजकूर उचलून माहितीपत्रकात टाकायला कुणी सांगत नव्हतं. पडद्यावर आल्यापासून मात्र लोकांना वाटतं की चौकोन सारखा, म्हणजे कामही सारखं. म्हणून तुला चार गोष्टी सांगते. आत्याचं बोलणं लांबतं हे तुला ठाऊक आहे, तेव्हा सवडीने वाच.

पहिली गोष्ट, समोर कोण आहे ते. इन्स्टाग्रामवर तुझं कॅरोसेल बघणारी बाई स्वतःसाठी बघत होती. आवडलं, हृदय दाबलं, बहिणीला पाठवलं, संपलं. लिंक्डइनवर तेच बघणारी एचआरमधली बाई स्वतःच्या पायासाठी बघत नाहीये. तिला ती फाइल पुढे पाठवायची आहे. तिच्यावर एक साहेब आहेत, बाजूला खरेदी विभाग आहे, आणि दोघेही तिला विचारणार, ‘यात काय आहे?’ आणि लिंक्डइनवर टाकलेलं कागदपत्र वाचणाऱ्याला उतरवून घेता येतं. म्हणजे तुझी पीडीएफ तिथून निघून कुणाच्या मेलमध्ये, कुणाच्या छापलेल्या कागदांत जाऊन बसू शकते. तिथे तुझं कॅप्शन नाही, कारखान्याचं प्रोफाइल नाही, खालच्या कमेंट नाहीत. फक्त पानं आहेत. म्हणून प्रत्येक पानाला माझा एकच प्रश्न असतो: हे पान एकटं साहेबांच्या टेबलावर गेलं तर उभं राहील का?

तुझं तिसरं आणि चौथं पान घे. एकच कापशी चप्पल दोन पानांत अर्धी-अर्धी कापली आहेस, बोटाने सरकवलं की सलग दिसावी म्हणून. इन्स्टाग्रामवर ती गंमत छान वाटते. पण पीडीएफ उतरवून उघडली की पानं बहुधा एकाखाली एक येतात. साहेबांना आधी एक अंगठा आणि अर्धा तळ दिसेल, मग खाली उरलेली टाच. चप्पल तुटली की काय असं वाटेल. ती दोन्ही पानं काढ. ‘डावीकडे सरकवा’ असा जो बाण प्रत्येक पानावर आहे तोही काढ; संगणकावर बसलेला माणूस माउसने पुढे जातो, त्याला अंगठ्याची सूचना कशाला?

आता सुराबद्दल. इथेच तू सगळ्यात जास्त घसरला आहेस, आणि गंमत म्हणजे दोन्ही बाजूंनी. मी परवा फोनवर म्हटलं की जरा व्यावसायिक कर, तर संध्याकाळी तू दुसरा मसुदा पाठवलास: ‘सदर पादत्राणे पर्यावरणपूरक प्रक्रियेद्वारे निर्मित असून कॉर्पोरेट भेटवस्तूंसाठी एक सर्वोत्तम सोल्युशन आहेत.’ अरे, हे तहसील कचेरीच्या नोटिशीत एका सेल्समनने घुसून लिहिल्यासारखं झालं. ‘पायात थोडं कोल्हापूर’ निदान एका माणसाने लिहिल्यासारखं तरी वाटत होतं.

व्यावसायिक सूर म्हणजे जड शब्द नव्हेत. विशेषण काढायचं आणि त्या जागी ते विशेषण ज्या गोष्टीमुळे सुचलं ती गोष्ट लिहायची, एवढंच. ‘पर्यावरणपूरक’ घे. तुला विचारलं, असं का लिहिलंस? तू म्हणालास, रसायनं कमी वापरतात. कुठली कमी? तुला माहीत नव्हतं. मग कारखानदाराला फोन लावला, आठवतं? तो म्हणाला की तळाचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं असतं, पण वरच्या पट्ट्यांचं चामडं बाहेरून तयार येतं आणि ते कसं कमावलंय ते तो छातीठोक सांगू शकत नाही. झालं. आता पानावर ओळ आली: ‘तळाचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं.’ पट्ट्यांबद्दल आपण बोललोच नाही. कुणी विचारलं तर कारखानदार खरं सांगेल. इन्स्टाग्रामवर ‘पर्यावरणपूरक’ला कुणी हटकत नाही, खरेदी विभागातला माणूस हटकतो. त्याचं ते कामच आहे.

‘पिढ्यान्‌पिढ्यांचा वारसा’ या ओळीचंही तसंच. वारसा सगळ्यांनाच असतो. त्याऐवजी भौगोलिक मानांकनाची गोष्ट साध्या वाक्यात सांग: कोल्हापुरी चपलेला हे मानांकन 2019 मध्ये मिळालं, आणि ते महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर या चार जिल्ह्यांना आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून आहे. कर्नाटकाचा भाग गाळू नकोस. तुझ्या कारखानदाराला तो गाळावासा वाटेल, पण बेळगाव-धारवाडकडचा कुणी वाचणारा निघाला तर पहिली कमेंट तीच येईल आणि मग बाकीची सात पानं कुणी वाचणार नाही.

कारखानदाराला आणखी एक गोष्ट पहिल्या पानावर हवी होती. 2025 च्या जूनमध्ये मिलानमध्ये प्राडाच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्या आणि इकडे गदारोळ उठला, तो विषय. मी नको म्हटलं. त्या वेळी ती बातमी होती, आता ती शिळी आहे, आणि मुख्य म्हणजे ऑर्डर देणारी बाई गाऱ्हाणं विकत घ्यायला आलेली नाही.

‘तू’चं काय करायचं असं विचारलं होतंस. ‘तुझी कोणती? कमेंटमध्ये सांग’ हे जाईल, ‘तुम्ही’ येईल. पण ‘आपण’ नको. ‘आपण आपल्या कर्मचाऱ्यांसाठी’ असं लिहिलं की वाचणाऱ्याला कळत नाही की आपण म्हणजे ती, की कारखाना, की दोघं मिळून. उद्गारचिन्हं तू दहा पानांत चौदा वापरली आहेस. मी मोजली. एकही ठेवू नकोस. पणत्या आणि फुलांची चित्रं उडव. आणि इंग्रजी शब्दांना घाबरू नकोस. ऑर्डर, साइज, डिलिव्हरी, एचआर हे शब्द त्या बाईच्या रोजच्या तोंडातले आहेत. ‘मागणी नोंदवताना पादत्राणाचे परिमाण’ असं लिहिलंस तर मी फोन ठेवून देईन.

फोटोंवर मात्र हात राखून कात्री चालव. सातव्या पानावर कारागिराच्या हातांचा फोटो आहे, तो तुझ्या सबंध कॅरोसेलमधला सर्वांत चांगला. इन्स्टाग्रामवर त्याच्यावर ‘या हातांना सलाम’ लिहिलं होतंस. सलाम काढ, फोटो ठेव, आणि हात काय करतायत ते खाली लिही: ‘शिवण चामड्याच्या वादीची, खिळा नाही.’ फोटो तोच, पण आधी तो भाव आणत होता, आता तो पुरावा झाला. पहिल्या पानावरची पैठणी आणि पायरी यांना असलं काही काम देता येत नाही, म्हणून ती जातील. मला वाईट वाटतंय, काठ सुंदर आहे. पण प्रत्येक फोटोला विचारायचं, तू काय दाखवतोस? नुसता मूड असं उत्तर आलं तर तो इन्स्टाग्रामलाच राहू दे.

आता आतला मजकूर. तुझ्या मूळ कॅरोसेलमध्ये चार पानं डिझाइनची होती: कापशी, पुकरी, कुरुंदवाडी वगैरे. कंपनीच्या माणसाला डिझाइन शेवटी निवडायचं असतं, आधी त्याला वेगळ्याच काळज्या असतात. त्या काळज्या शोधायला मी तुला कारखानदाराकडे एक प्रश्न घेऊन पाठवलं होतं: गेल्या वेळच्या मोठ्या ऑर्डरीत काय काय बिघडलं? तू जे टिपून आणलंस त्यातूनच ही आठ पानं निघाली आहेत. बाहेरून काही आणावं लागलं नाही.

पहिलं पान: ‘दिवाळीला कर्मचाऱ्यांना कोल्हापुरी द्यायची आहे? ऑर्डरआधी ठरवायच्या पाच गोष्टी.’ खाली बारीक अक्षरात, ‘एचआर आणि खरेदी विभागासाठी, कोल्हापुरातल्या एका चप्पल कारखान्याकडून’. बस. पहिल्या पानावर कारखान्याचं मोठं चिन्ह टाकायचा मोह होतो; शेवटच्या पानावर टाक. अनोळखी चिन्ह बघून कुणी पुढे जात नाही, स्वतःची अडचण वाचून जातं.

दुसरं पान मापाचं. कारखानदाराच्या दोनशे जोडांच्या ऑर्डरीत जे परत आले ते बहुतेक मापामुळे आले, कारण कंपनीने लोकांचे बुटांचे नंबर गोळा करून पाठवले होते. कोल्हापुरीला लेस नाही, बक्कल नाही; पंजा रुंद असला की नंबर बरोबर असूनही पट्टा रुततो. म्हणून पानावर उपाय लिही: कोऱ्या कागदावर पाय ठेवून उभं राहायचं, पेन्सिलने कड काढायची, त्याच्यावर नाव लिहून फोटो पाठवायचा. सोबत एक रेखाचित्र. आणि खाली हेही की नवी चप्पल थोडी घट्टच असते आणि वापराने सैल होते, म्हणून एक नंबर मोठा मागवू नका. हे वाक्य तू ‘फारच बारीकसारीक’ म्हणून खोडलं होतंस. मी परत घातलंय. बारीकसारीक तेच कुणी जपून ठेवतं.

तिसरं पान वेळेचं, आणि हे पान या सगळ्या खटाटोपाचं कारण आहे. चामड्याला ऊन लागतं. दिवाळी ऑक्टोबर-नोव्हेंबरात, तर दोनशे जोड करायचा काळ नेमका पावसात जातो, जेव्हा चामडं धड वाळत नाही. कंपन्यांना दिवाळी आठवते ती गणपती गेल्यावर. कारखानदार म्हणतो, पावसाआधी कळलं तर तो चामडं भरून ठेवू शकतो आणि दोनशे जोड सहा आठवड्यांत देतो. सप्टेंबरात कळलं तर निम्मेच कबूल करतो. हे जसंच्या तसं पानावर घाल. त्यावरून एक गोष्ट तुझ्याही लक्षात आली असेल. इन्स्टाग्रामचं कॅरोसेल तू दिवाळीच्या पंधरा दिवस आधी टाकलं होतंस आणि ते बरोबर होतं. हे कागदपत्र मे महिन्यात टाकायचं आहे, उन्हात.

चौथ्या पानावरून तुमचं दोघांचं भांडण झालं म्हणे. ‘काही कर्मचारी चामडं वापरत नाहीत, आधी विचारा, आणि त्यांच्यासाठी वेगळी भेट ठेवा.’ कारखानदार म्हणतो, मी माझ्याच धंद्यावर कशाला पाणी ओतू? त्याला माझ्या नावाने सांग की हे त्याने नाही सांगितलं तर वाटपाच्या दिवशी ऑफिसात कुणीतरी सांगणार आहे, आणि तेव्हा ती एचआरची बाई तोंडघशी पडणार आहे. पुढच्या वर्षी ती त्याला विचारणार नाही. हे पान माझ्या मते सगळ्या फाइलीत सर्वांत कामाचं आहे. विकणारा स्वतःहून अडचण सांगतो तेव्हा त्याची बाकीची पानंही खरी वाटतात.

पाचवं पान मानांकन आणि चामड्याचं, वर सांगितलं तसं, कारागिराच्या हातांच्या फोटोसकट. सहावं डिलिव्हरीचं, सगळे जोड एका ऑफिसात की घरोघर, एवढंच ठरवायचं, दोन ओळी पुरेत. सातवं पान म्हणजे सगळ्याचा एक तक्ता: डावीकडे काय ठरवायचं, उजवीकडे केव्हापर्यंत. हे पान छापून भिंतीला लावता यावं असं कर, पार्श्वभूमी पांढरी ठेव. गडद मरून रंगावर सोनेरी अक्षरं ऑफिसच्या प्रिंटरवर नुसता काळा चौकोन होतात. आठवं पान संपर्काचं. ‘सेव्ह कर, मैत्रिणीला टॅग कर’ गेलं. तिथे माणसाचं नाव, कारखान्यात तो काय बघतो, फोन, कुठल्या वेळात उचलतो, आणि मेल.

भाव कुठेच लिहिलेला नाही, हे तुझ्या लक्षात आलं नसेल. मुद्दाम. उतरवून घेतलेली फाइल दोन वर्षांनी कुणाच्या फोल्डरातून निघते आणि लोक जुना भाव धरून बसतात. कारखानदाराला भाव घालायचाच असेल तर ‘अमुक तारखेपर्यंत’ असं त्याच ओळीत पाहिजे. आणि प्रत्येक पानाच्या तळाशी लहान अक्षरात कारखान्याचं नाव, मेल आणि महिना-वर्ष. एकटं पान फिरलं तरी पत्ता सोबत जातो.

आता हाताचं काम. आकार 1080 बाय 1350 आहे तोच ठेव, उभं पान लिंक्डइनवरही चांगलं दिसतं. सगळी पानं एकाच मापाची हवीत. मधेच एक चौकोनी पान घातलंस तर त्याच्याभोवती कडा दिसतात. पण अक्षरांचा आकार तसाच ठेवून चालणार नाही. फोनवर ते 1080 चं पान साधारण एक तृतीयांश रुंदीत बसतं. म्हणजे तू 26 च्या आकारात लिहिलेली निगा राखायची सूचना फोनवर नऊच्याही खाली जाते, आणि देवनागरीत वेलांट्या, उकार, रफार सगळेच त्यात मिसळून जातात. इन्स्टाग्रामवर तो मजकूर कुणी वाचतच नव्हतं म्हणून निभावलं. इथे वाचायलाच आलेत. शीर्षक 84, मजकूर 42, तळटीप 30, याच्या खाली उतरू नकोस. मजकूर मावत नसेल तर अक्षर लहान करायचं नाही, वाक्य कापायचं. एका पानात चाळीस-पन्नास शब्दांवर गेलास की समज दोन पानांचा ऐवज एकात कोंबलास. तपासायला सोपं आहे: लॅपटॉपवर पान 33 टक्क्यांवर कर आणि चष्मा काढून ठेव. तुला चष्मा नाही, तेव्हा माझ्याकडे पाठव.

वर आणि खाली साधारण 120 ची जागा मोकळी सोड. संगणकावर वरच्या काठावर कागदपत्राचं शीर्षक आणि पानांचा आकडा येतो, खालच्या काठावर पान सरकवायची पट्टी. तुझं ‘या दिवाळीत’ अगदी वरच्या काठाला चिकटलं होतं, ते त्या शीर्षकाखाली गेलं असतं.

टाइप मुक्ता चालेल. मुंबईच्या एकटाइपचा आहे, वजनं बरीच आहेत आणि तक्त्यात आकडे नीट बसतात. शीर्षकाला जरा पुस्तकी वळण हवं असेल तर तिरो देवनागरी मराठी बघ. त्यात ल आणि श आपल्या वळणाचे येतात, हिंदी वळणाचे नाहीत. हा माझा जुना हट्ट आहे, त्याने ऑर्डर वाढत नाही.

फाइल पीडीएफच दे. लिंक्डइन पॉवरपॉइंट आणि वर्डही घेतं, 100 एमबी आणि 300 पानांपर्यंत, पण त्यात तुझा टाइप सोबत जाईल याची खात्री नाही, आणि देवनागरी टाइप बदलला की जोडाक्षरं कशी फुटतात ते मी दुकानात आयुष्यभर बघितलंय. पीडीएफमध्ये टाइप आत बसतो. कॅनव्हातून काढताना `PDF Standard` घे. `PDF Print` निवडून `Crop marks and bleed` वर खूण राहिली तर प्रत्येक पानाच्या चार कोपऱ्यांत कापायच्या रेघा येतात. हे मला कसं माहीत? माझ्याच पहिल्या कागदपत्रावर त्या रेघा तीन दिवस सगळ्यांना दिसत होत्या. छापखान्याची सवय, बोट आपोआप तिकडे गेलं. एका जुन्या गिऱ्हाइकाने विचारलं, ‘ताई, कात्री पण पाठवणार का?’

आणि त्या रेघा मला काढता आल्या नाहीत, कारण एकदा पोस्ट झालेलं कागदपत्र बदलता येत नाही. पोस्टचा मजकूर नंतर दुरुस्त होतो, फाइल होत नाही. चूक फारच टोचली तर सगळी पोस्ट काढून नव्याने टाकायची, आणि तोवर आलेल्या कमेंटही सोबत जातात. इन्स्टाग्रामवर तू चूक दिसली की कॅप्शनमध्ये हसून सावरतोस. इथे आठही पानं आधी वाचून घे, आणि तुझ्याखेरीज कुणाकडून तरी वाचून घे. ज्याने टाइप केलं त्याला स्वतःची चूक दिसत नाही.

फाइलच्या नावाकडेही बघ. ‘kolhapuri_insta_final_FINAL2.pdf’ अशा नावाची फाइल कुणी उतरवून घेतली तर काय समजेल? गुणधर्मांत लेखक म्हणून तुझ्या आधीच्या ऑफिसचं नाव आहे, ते मी बघितलं. तेही पूस.

टाकताना `Add a document` मधून फाइल घेतलीस की ते शीर्षक मागतं, त्याशिवाय पुढे जाऊ देत नाही. तिथे फाइलचं नाव चिकटवू नकोस. ‘दिवाळी भेट: कोल्हापुरी चप्पल मागवण्याआधी’ एवढं लिही. वरच्या मजकुरात पहिल्या दोन-तीन ओळीच दिसतात, बाकी `…more` च्या आड जातं, म्हणून पहिल्या पानाचं वाक्य तिथे पुन्हा लिहून जागा घालवू नकोस. तिथे पावसाची गोष्ट येऊ दे: ‘दिवाळीच्या चपलांचं चामडं पावसाआधी भरावं लागतं. गेल्या वर्षी सप्टेंबरात आलेल्या ऑर्डरी आम्ही निम्म्याच घेऊ शकलो.’ हे कारखानदाराने लिहिलेलं वाटलं पाहिजे, आणि त्याच्याच नावाने जाऊ दे. लांब कहाणी नको. सांगायचं ते फाइलमध्ये आहे. संकेतस्थळाचा पत्ता पानावर छापलास तरी तो दाबून उघडेल याच्या भरवशावर राहू नकोस, मजकुरातही दे. हॅशटॅग तीन पुरेत. इन्स्टाग्रामवरचे ते पंचवीस इथे लग्नाच्या हॉलबाहेरच्या कमानीसारखे दिसतात.

गाणं सोबत जाणार नाही, हलणारी पणतीही नाही. पीडीएफचं प्रत्येक पान स्थिर चित्र होतं. तू ज्या पानावर पणतीची वात हलवली होतीस तिथे ती अर्धवट विझल्यासारखी थांबली आहे, तेव्हा ते पान तसंही गेलंच.

इन्स्टाग्रामचं कॅरोसेल मात्र काढून टाकू नकोस. ते त्याच्या जागी बरोबर आहे, आणि या दिवाळीला पंधरा दिवस आधी परत टाक, पैठणीसकट.

आणि एक. ही फाइल टाकायच्या आधी आठव्या पानावरचा फोन नंबर स्वतः लावून बघ. मी काल लावला. दोन रिंगमध्ये उचलला, अगदी आदबीने बोलले, पण ते इचलकरंजीतले कुणी दंतवैद्य निघाले.